शेजारची इमारत आणि आपला पाया

शेजारच्या प्लॉटवर खोदकाम सुरू झालं की जुन्या सोसायटीत खळबळ उडते. पोकलेनच्या धक्क्यांनी भांडी हलतात, खड्ड्याच्या कडेची माती ढासळेल का म्हणून कमिटीचे लोक दिवसातून दोनदा डोकावून येतात, बिल्डरला पत्रं जातात. मग पाया भरला जातो, खड्डा बुजतो, मजले चढू लागतात आणि सगळे निःश्वास सोडतात. धोका टळला, असं धरून चाललं जातं. नवी इमारत पूर्ण होते, तिथे लोक राहायला येतात, आणि त्यानंतर दीड-दोन वर्षांनी जुन्या इमारतीच्या त्या बाजूच्या खोल्यांमध्ये पहिली तिरकी भेग दिसते. बाल्कनीचं दार चौकटीला घासू लागतं. बिल्डर म्हणतो, आमचं काम तर केव्हाच संपलं. कुणी म्हणतं, इमारत जुनी झाली, गिलावा सुटणारच.

खोदकामाची भीती रास्त आहे. पण खोदकाम संपलं म्हणजे शेजाऱ्याचा परिणाम संपला, हा समज चुकीचा आहे, आणि आपल्याकडची सगळी काळजी, सगळे नियम आणि सगळी भांडणं त्याच समजावर उभी आहेत. नव्या इमारतीचं वजन हे स्वतंत्र कारण आहे. ते आवाज करत नाही, धूळ उडवत नाही, आणि त्याचं खरं काम कंत्राटदार सामान आवरून गेल्यावर सुरू राहतं.

इमारतीचं वजन तिच्या पायाखाली सरळ रेषेत खाली जातं, अशी आपली कल्पना असते. तसं होत नाही. जड माणूस गादीवर बसला की शेजारी झोपलेलं मूल त्याच्याकडे कलंडतं. त्याच्या अंगाखालचीच नाही, तर आजूबाजूची गादीही दबते. जमिनीत वजन कसं पसरतं याचं गणित फ्रान्सच्या जोसेफ बुसिनेस्क यांनी १८८५ मध्ये मांडलं आणि आजही अभियंते पहिला अंदाज त्याच गणिताने करतात. त्याचा अर्थ सोप्या शब्दांत असा: जमिनीवर ठेवलेलं वजन खोल जाताना रुंद होत जातं. पायाच्या लगेच खाली दाब जवळजवळ पूर्ण असतो. खोलीबरोबर तो कमी होतो, पण त्याच वेळी पायाच्या कडेबाहेर पाझरतो. प्लॉटची हद्द कागदावर असते. मातीला ती ठाऊक नसते.

हा पाझर किती असतो, हे एका नमुन्यावर पाहू. समजा, जुनी तीन मजली इमारत आहे आणि तिच्या शेजारी वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद अशी पाच मजली नवी इमारत येते. नवीचा पाया म्हणजे जमिनीखाली दोन मीटरवर घातलेली सलग काँक्रीटची लादी, जिला अभियंते राफ्ट म्हणतात. मजल्यांचं वजन धरून, खोदून काढलेल्या मातीचं वजन वजा केलं, तर जमिनीवर नव्याने पडलेला भार समजू चौरस मीटरला चार टन. जमीन अशी: वरचे तीन मीटर मुरमाची भर, त्याखाली सहा मीटर ओली चिकणमाती, आणि त्याखाली कातळ. जुन्या इमारतीची कॉलमची पहिली रांग नव्या पायाच्या कडेपासून दोन मीटरवर आहे, आणि पुढच्या रांगा चार-चार मीटरच्या अंतराने, म्हणजे सहा, दहा आणि चौदा मीटरवर.

आता चिकणमातीच्या थराच्या मध्यावर, म्हणजे जमिनीखाली सहा मीटरवर, काय होतं? नव्या इमारतीच्या बरोबर मध्याखाली जवळजवळ सगळे चार टन पोचतात. तिच्या कडेखाली निम्मे, दोन टन. कडेपासून दोन मीटर बाहेर, जुन्या इमारतीच्या पहिल्या कॉलमखाली, सुमारे पाऊण ते नऊ-दशांश टन, म्हणजे मूळ भाराचा पाचवा हिस्सा. सहा मीटरवर जेमतेम तीन-चार टक्के. दहा मीटरवर एक टक्का, आणि चौदा मीटरवर नगण्य. मध्यम मऊ चिकणमाती धरली, तर या दाबाने पहिली रांग कालांतराने सुमारे २६ मिलिमीटर खचेल, दुसरी चार मिलिमीटर, तिसरी एक, आणि चौथी अजिबात नाही.

अडीच सेंटिमीटर म्हणजे फार नाही, असं वाटेल. सबंध इमारत सारखी अडीच सेंटिमीटर खाली गेली असती, तर खरोखरच कुणाच्या लक्षातही आलं नसतं. इथे गोष्ट वेगळी आहे. पहिल्या आणि दुसऱ्या रांगेत चार मीटर अंतर आहे आणि तेवढ्यात २२ मिलिमीटरचा फरक पडला. हे प्रमाण झालं साधारण १८० ला १. ब्रिटनमध्ये स्केम्पटन आणि मॅक्डोनाल्ड यांनी १९५६ मध्ये ९८ इमारतींच्या नोंदी तपासून दाखवलं, की दोन कॉलममधला फरक अंतराच्या तीनशेव्या भागाच्या पुढे गेला की मधल्या भिंतींना भेगा पडू लागतात, आणि दीडशेव्या भागापाशी कॉलम-बीमच्या सांगाड्यालाच इजा होऊ लागते. आपला नमुना या दोन्हींच्या मध्ये, आणि दुसऱ्या रेषेच्या बराच जवळ आहे. मागच्या तीन रांगा शाबूत आहेत, म्हणूनच पहिला गाळा मोडतो. इमारतीचं तीन चतुर्थांश अंग जागेवर पक्कं आणि एक कड खाली ओढली जाते; ताण नेमका त्या सांध्यावर येतो.

शिवाय ही जुनी इमारत चुकीची बांधलेली होती असं अजिबात नाही. तिच्या स्वतःच्या वजनाने व्हायचं तेवढं खचणं पहिल्या काही वर्षांतच उरकलं होतं. त्यानंतर तीस वर्षं पाया स्थिर होता. तीस वर्षं टिकलेला पाया अचानक दुबळा होत नाही. त्याच्या खालच्या मातीवर नवा भार आला, एवढंच घडलेलं असतं.

मग भेग उशिरा का दिसते? याचं उत्तर चिकणमातीच्या स्वभावात आहे. वाळूवर वजन ठेवलं की ती लगेच बसते, बांधकाम चालू असतानाच. ओल्या चिकणमातीच्या कणांमध्ये पाणी कोंडलेलं असतं. नवा भार आला की आधी तो हे पाणी पेलतं, कारण पाणी दाबलं जात नाही. मग ते हळूहळू निसटू लागतं आणि जसजसं निसटतं, तसतसा भार मातीच्या कणांवर येतो आणि थर पातळ होतो. इस्तंबूलमध्ये शिकवत असताना कार्ल टर्झागी यांनी ही प्रक्रिया उलगडली आणि १९२०च्या दशकात तिचं गणित मांडलं. त्या गणितातली सर्वसामान्यांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट एकच: पाण्याला बाहेर पडायला जितकं अंतर कापावं लागतं, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ लागतो. अंतर दुप्पट, तर वेळ चौपट.

आपल्या नमुन्यातल्या सहा मीटरच्या थरातून पाणी वर मुरमात आणि खाली भेगाळ कातळात, दोन्हीकडे निसटू शकत असेल, तर नव्वद टक्के खचणं पूर्ण व्हायला चारेक वर्षं लागतात. खालचा कातळ घट्ट असेल आणि पाण्याला फक्त वरची वाट असेल, तर तेच पंधरा वर्षांवर जातं. पहिला निम्मा हिस्सा मात्र लवकर येतो: पहिल्या प्रकारात वर्षभरात, दुसऱ्या प्रकारात साडेतीन वर्षांत. म्हणजे भेग दिसते तेव्हा बिल्डर निघून गेलेला असतो, आणि भेग बुजवून रंग दिला तरी पुढची काही वर्षं ती पुन्हा उघडत राहते. रहिवासी रंगाऱ्याला दोष देतात.

मऊ थर किती खोल आहे, यावर दुखण्याचं स्वरूप ठरतं, आणि हे सर्वांत ठळक दिसतं ते ब्राझीलमधल्या सांतोस शहराच्या किनाऱ्यावर. तिथे समुद्रासमोर दहा ते अठरा मजल्यांच्या इमारतींची रांग आहे आणि त्यातल्या कित्येक इमारती नुसत्या डोळ्यांनी कललेल्या दिसतात. विसाव्या शतकाच्या मध्याला त्या एकीला लागून एक अशा उभ्या राहिल्या. वर सुमारे दहा मीटर घट्ट वाळू होती, म्हणून खोल पाया न घेता वाळूवरच उथळ पाये घातले गेले. एकेक इमारत वाळूने पेललीही. पण वाळूखाली मऊ समुद्री चिकणमातीचा कित्येक मीटर जाडीचा थर आहे.

इथे बुसिनेस्कचं गणित वेगळं चित्र दाखवतं. आपल्या वीस मीटरच्या इमारतीखाली वीस मीटर खोल गेलं, तर मध्याखाली भाराचा फक्त तिसरा हिस्सा उरतो. पण कडेपासून दहा मीटर बाहेर गेलं तरी जवळजवळ दशांश हिस्सा सापडतो. उथळ थरात दाब इमारतीच्या अंगाबाहेर पडताच झपाट्याने मरतो; खोल थरात तो दूरवर पसरलेला आणि मंद असतो. म्हणून उथळ मऊ थर असेल तर शेजाऱ्याचा पहिला गाळा तडकतो, आणि खोल मऊ थर असेल तर सबंध इमारत एका अंगाला कलते. सांतोसच्या कित्येक कललेल्या इमारतींत लोक वर्षानुवर्षं राहत आले आहेत. फरशीवर ठेवलेला चेंडू एका बाजूला जातो, एवढंच. भिंत तडकली की माणूस घाबरतो, आणि इमारत अख्खी कलली की त्याला त्याची सवय होते. प्रत्यक्षात दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा क्षुल्लक नाही.

इमारती कुठल्या दिशेला कलतात, यावरून त्यांच्या जन्माचा क्रम ओळखता येतो. दोन शेजारी एकाच वेळी उभ्या राहिल्या, तर मधल्या मातीवर दोघींचा भार पडतो, ती जास्त दबते आणि दोघी एकमेकींकडे झुकतात. एक आधी आणि दुसरी नंतर आली, तर जुनी नवीकडे झुकते. नवी मात्र बहुधा जुनीपासून दूर कलते, कारण जुनीच्या बाजूची माती आधीच दबून घट्ट झालेली असते आणि पलीकडची नसते. म्हणून कललेल्या जोडीकडे नुसतं बघून 'जी जास्त कलली ती वाईट बांधलेली' असा निकाल देणं धोक्याचं आहे.

सांतोसच्या नुंसिओ माल्झोनी या १७ मजली इमारतीचा माथा सुमारे दोन मीटर बाजूला गेला होता. ती १९६७ साली बांधलेली. तिच्या दोन्ही अंगांना पन्नास मीटरहून खोल पाइल घालून, त्यांवर मोठ्या तुळया टाकून, हायड्रॉलिक जॅकनी ती २००० सालच्या सुमारास पुन्हा ओळंब्यात आणली गेली. हे शक्य आहे, एवढंच त्यातून कळतं. अशा दुरुस्तीचा खर्च साध्या रहिवाशांच्या सोसायटीला झेपण्यासारखा नसतो, हे सांगायला अभियंत्याची गरज नाही.

महाराष्ट्रात या सगळ्याची चिंता कुणी करावी? पुण्यात कातळ वरच लागतो अशा भागात पाया थेट कातळावर असेल, तर शेजारी कितीही मजले चढले तरी त्यांच्या वजनाने पाया खचण्याची काळजी करायचं कारण नाही. चिंतेची जागा म्हणजे मुंबईची भर टाकून केलेली जमीन, खाड्यांच्या काठचा पट्टा, नवी मुंबईचे समुद्री चिकणमातीवर भराव घालून तयार झालेले भाग, आणि नदीकाठचा गाळ. अशा ठिकाणच्या चाळी आणि साठ-सत्तरच्या दशकातल्या तीन-चार मजली इमारती बहुधा उथळ पायावर आहेत, आणि पुनर्विकास नेमका त्यांच्या मधोमध चालू आहे.

नवे टॉवर बहुतेक वेळा पाइलवर उभे राहतात, आणि इथे एक फरक समजून घेण्यासारखा आहे. पाइल चिकणमाती पार करून कातळात रुतवले असतील, तर वजन थेट कातळाला जातं आणि शेजाऱ्याची माती जवळजवळ सुटते. पण पाइल मातीतच थांबले असतील आणि आजूबाजूच्या मातीशी होणाऱ्या घर्षणावर तोलले जात असतील, तर वजन नाहीसं झालेलं नसतं. ते फक्त खोल नेऊन सोडलेलं असतं. अभियंते अशा वेळी पाइलच्या दोन-तृतीयांश खोलीवर एक काल्पनिक लादी मानून तिथून दाब मोजतात. त्याखाली मऊ थर शिल्लक असेल, तर सांतोससारखी स्थिती छोट्या प्रमाणात तयार होते. 'पाइल आहेत, काळजी करू नका' या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारायला हवा: पाइल कुठे टेकलेत?

दुसरा उपाय म्हणजे तळघर. एक मीटर माती काढली की चौरस मीटरला साधारण पावणेदोन ते दोन टन वजन कमी होतं. आपल्या नमुन्यातल्या नव्या इमारतीने दोन मीटर अधिक खोल तळघर घेतलं असतं, तर तिचा जवळजवळ सगळा जादा भार काढलेल्या मातीनेच फेडला असता. पण त्यासाठी शेजाऱ्याला लागून आणखी खोल खड्डा घ्यावा लागतो, आणि खड्डा कोरडा ठेवायला पंप लावावे लागतात. भूजलाची पातळी एक मीटरने खाली गेली, की मातीच्या कणांवर चौरस मीटरला एक टन जादा भार येतो, कारण पाण्याचा उचलून धरणारा आधार तेवढा जातो. म्हणजे शेजारच्या खड्ड्यातला पंप काही महिने चालला आणि आपल्या पायाखालचं पाणी मीटरभर उतरलं, तर माती दाबणारा तो भार शेजारच्या अख्ख्या पाच मजल्यांनी आपल्या पहिल्या कॉलमखाली घातलेल्या भारापेक्षा थोडा जास्तच भरतो, आणि त्याचा पल्लाही लांब असतो. एक दुखणं टाळायला दुसरं ओढवून घेण्याचा हा प्रकार आहे.

आता निदानाचा भाग. प्रत्येक भेग शेजाऱ्याची नसते, आणि हे रहिवाशांनीही मान्य करायला हवं. गिलाव्यातल्या केसासारख्या बारीक जाळीदार भेगा सिमेंट सुकताना पडतात. कॉलमच्या लांबीने सरळ जाणारी भेग आणि तिच्यातून डोकावणारा गंज हे आतल्या सळईचं दुखणं. मराठवाड्यात आणि विदर्भात काळ्या मातीवरच्या घरांना उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्या मिटतात. माती पाणी पिऊन फुगते आणि सुकून आकसते, त्याचा तो परिणाम. खचण्याची भेग अशी ऋतूप्रमाणे मागेपुढे होत नाही. ती एकाच दिशेने वाढते, आधी भरभर, मग सावकाश.

तिची चालही ओळखता येते. ती तिरकी असते आणि तिचं वरचं टोक खचणाऱ्या बाजूला, म्हणजे नव्या इमारतीकडे झुकलेलं असतं. बहुधा ती दार-खिडकीच्या कोपऱ्यातून निघते, कारण भिंत तिथे सर्वांत कमजोर असते. कड खाली गेल्याने इमारतीचा वरचा भाग ताणला जातो, म्हणून वरच्या मजल्यावरची भेग बहुतेक वेळा खालच्यापेक्षा रुंद असते. आणि ती नव्या इमारतीच्या बाजूच्या पहिल्या गाळ्यात दाटलेली असते. पलीकडच्या टोकाला भिंती निर्मळ राहतात. एखाद्या इमारतीत भेगा सगळीकडे सारख्या विखुरलेल्या असतील, तर दोष शेजाऱ्यावर ढकलण्याआधी थांबावं.

आरोग्याच्या दृष्टीने भिंतीपेक्षा आधी नळांकडे बघायला हवं. इमारत खचते तेव्हा तिच्याबरोबर तिच्यातले पाइप खाली येतात. बाहेरच्या रस्त्याखालची वाहिनी जागेवरच राहते. सगळा पीळ जोडावर पडतो. दोन-तीन सेंटिमीटरच्या फरकाने मैलावाहिनीचा जुना जोड सुटतो, आणि जवळूनच पाण्याची वाहिनी जात असेल, तर नळाला पाणी नसलेल्या वेळात तिच्यातला दाब जातो आणि तिला कुठे फट असेल तर बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. आपल्या शहरांत पाणी दिवसातून काही तासच येतं, त्यामुळे ही संधी रोज मिळते. अशा इमारतीत एका वेळी तीन-चार घरांत जुलाब किंवा कावीळ निघाली, तर बाहेरच्या पाणीपुरीला दोष देऊन थांबू नये. जोड उघडून बघावेत. गळणारं पाणी पायाजवळची भर धुऊन नेतं आणि खचणं आणखी वाढवतं, ते वेगळंच.

कायदा या बाबतीत चमत्कारिक जागी उभा आहे. १८८२च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने जमिनीला शेजारच्या मातीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क मान्य केला, आणि वीस वर्षं निर्वेध मिळत आलेला इमारतीचा आधारही त्यात येऊ शकतो. पण ही सगळी भाषा आधार काढून घेण्याची आहे. शेजाऱ्याने खड्डा खणला आणि आपली माती घसरली, तर तक्रार सरळ बसते. शेजाऱ्याने आपल्याच प्लॉटवर, नियमात राहून, वजन वाढवलं आणि त्यामुळे आपल्या पायाखालचं पाणी निसटलं, तर हानी तीच असली तरी कारण सिद्ध करण्याची सगळी जबाबदारी ज्याचं घर तडकलं त्याच्यावर येते. आणि त्याच्याकडे आधीची एकही नोंद नसते. शस्त्रक्रियेआधी ईसीजी काढलेला नसेल, तर नंतर दिसलेला दोष नवा की जुना हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही.

मातीचा तपास तर होतच असतो. नव्या इमारतीसाठी बोअर घेतले जातात, नमुने प्रयोगशाळेत जातात, अहवाल येतो. पण तो अहवाल बिल्डरने मागवलेला असतो आणि त्यातला प्रश्न एकच असतो: आमची इमारत या जमिनीवर उभी राहील का? ज्या आकड्यांवरून त्याचं उत्तर निघतं, त्याच आकड्यांवरून शेजारच्या प्रत्येक कॉलमखाली किती दाब जाईल आणि तो किती खचेल, हेही दुपारभरात काढता येतं. ते कुणी विचारत नाही म्हणून कुणी काढत नाही. बांधकामाची परवानगी देताना महापालिकेने ते मागितलं पाहिजे: मऊ थर असलेल्या भागात, हद्दीपासून निदान नव्या पायाच्या रुंदीइतक्या अंतरात येणाऱ्या प्रत्येक जुन्या इमारतीसाठी, अपेक्षित खचण्याचा आकडा. आणि तो आकडा त्या सोसायटीला लेखी कळवला पाहिजे. खर्चाच्या सबबीला इथे जागा नाही. बोअर आधीच घेतलेले असतात.

दुसरी गोष्ट मोजणीची. आज नजर ठेवली जाते ती खोदकाम चालू असताना, फार तर पायाचं काम संपेपर्यंत. चिकणमातीसाठी हे उलटं आहे. आपल्या नमुन्यात खोदकाम संपलं तेव्हा वजनाने होणारं खचणं सुरूसुद्धा झालेलं नव्हतं. मोजणी बांधकामाआधी सुरू होऊन ताबा दिल्यानंतर किमान पाच वर्षं चालली पाहिजे, आणि तिचा खर्च प्रकल्पाच्या अनामत रकमेतून गेला पाहिजे, म्हणजे बिल्डरची कंपनी गुंडाळली गेली तरी मोजणी थांबणार नाही.

नियम बदलेपर्यंत सोसायटीला स्वतः करता येण्यासारखं बरंच आहे. शेजारी खड्डा पडण्याआधी प्रत्येक खोलीचे, जिन्याचे आणि बाहेरच्या भिंतींचे तारखेसह फोटो काढावेत, असलेल्या भेगांसकट. नव्या इमारतीच्या बाजूच्या आणि विरुद्ध बाजूच्या कॉलमना पायथ्याशी खिळ्यासारख्या पक्क्या खुणा ठोकून सर्व्हेअरकडून लेव्हल घ्यावी. ही लेव्हल ज्या स्थिर खुणेशी ताडायची, ती नव्या इमारतीपासून दूर, शक्यतो कातळावर उभ्या असलेल्या एखाद्या जुन्या बांधकामावर असावी. खूणच खचणाऱ्या जमिनीवर असेल, तर सगळं ठीक आहे असंच दिसत राहतं. पहिली मोजणी खोदकामाआधी, मग नवा प्रत्येक मजला चढल्यावर, नंतर पहिली दोन वर्षं तीन महिन्यांनी, आणि पुढे सहा महिन्यांनी. भेगेवर दोन्ही बाजूंना चिकटवलेली काचेची पातळ पट्टी फुटली, तर भेग हलते आहे एवढं कळतं. किती हलते हे कळायला भेगेच्या दोन्ही अंगांना दोन खिळे मारून त्यांतलं अंतर कॅलिपरने महिन्याला एकदा मोजावं आणि वहीत लिहावं.

लागोपाठच्या मोजण्यांत फरक कमी-कमी होत गेला, तर खचणं आटोपत आलं आहे आणि मगच भेगा भरण्यात अर्थ आहे. त्याआधी भरलेली भेग पुन्हा उघडेल. फरक सारखाच राहिला किंवा वाढला, तर फक्त वजनाने असं होत नाही. कुठेतरी पाणी गळतंय, शेजारी अजून पंप चालू आहे, किंवा माती वाहून जातेय, असं धरून शोध घ्यावा लागतो. दोन कॉलममधला फरक अंतराच्या तीनशेव्या भागापाशी पोचला, म्हणजे चार मीटरला तेरा मिलिमीटर, की स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायची वेळ झालेली असते. भिंतीवर तोवर कदाचित एकच बारीक रेघ असेल.